ग्लासगोचा पहिला हिवाळा

गेल्या महिन्यात दिग्रसहून एक गृहस्थ आम्हाला भेटायला शाळेत आले. मुलाचा स्कॉटलंडमधल्या विद्यापीठात प्रवेश झालेला, शैक्षणिक कर्ज मंजूर झालेले, सप्टेंबरात निघायचे ठरलेले. सलाम-दुआ झाली, चहा आला आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, जॅकेट किती जाड घ्यावे?"

आम्हाला हसू आले, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या आपानेही हेच विचारले होते. तिची मुलगी, म्हणजे आमची भाची, 2024 च्या सप्टेंबरात एम.एस्सी.साठी ग्लासगोला गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाळा शिकवावा लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आपण कूलरच्या टाकीत पाणी ओततो, दुपारी दारे लावून घेतो. हिवाळा म्हणजे मात्र आपल्याला पहाटेचा स्वेटर आणि शेकोटी, दहा वाजले की दोन्ही संपले. त्यामुळे थंडी म्हटली की जाड कपडा, एवढेच आपल्याला सुचते. भाचीने तो पहिला हिवाळा काढला, पण त्यात पैसे गेले, तब्येत गेली आणि डिसेंबरचा जवळजवळ सगळा अभ्यास गेला. जॅकेट मात्र भरपूर जाड होते.

आपाला आधीपासून धाकधूक होतीच. "आनंदीबाई जोशींचे काय झाले ते तूच वर्गात शिकवतोस ना?" ती म्हणाली. आनंदीबाई 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात वैद्यकीय शिक्षण घेतले, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या. वय बाविसाच्या आत. तिथली थंडी आणि आहार त्यांना मानवला नव्हता, क्षयाने गाठले. आम्ही आपाला म्हणालो की तो काळ वेगळा होता, आता घरोघरी हीटर आहेत. हे बोलणे सोपे होते. हीटर असणे आणि तो कसा चालवायचा हे माहीत असणे या दोन गोष्टी आहेत, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

आपाने काय केले? मोहल्ल्यातल्या पिंजारी चाचांकडून नवी रुई पिंजून रजई भरून घेतली. कापसाचा जिल्हा, लेक परदेशी चालली, तर आईने दुसरे काय द्यावे? सोबत सुती बनियन, सुती मोजे, सुती सलवार-कमीज, वर नागपूरहून आणलेले जाडजूड जॅकेट. ऑगस्टमध्ये लोकरीचे कपडे मिळवायला फार हिंडावे लागले, कारण नागपुरात तिबेटी स्वेटरवाले बसतात ते दिवाळीच्या सुमारास, आणि पोरे निघतात सप्टेंबरात. शेवटी रजईने अर्धी बॅग खाल्ली आणि विमानतळावर वजन जास्त भरल्याने ती परत आली. आज ती आमच्याच घरी आहे.

रजई परत आल्यावर आम्ही चाचांना सहज विचारले की जुनी रजई थंड का पडते? रुई तर तेवढीच असते, वजनही तेवढेच. चाचा म्हणाले, "सर, गरमी रुईत नसते, रुईच्या पोकळीत असते. दबली की गेली. म्हणून तर पिंजावे लागते." विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही हेच वेगळ्या शब्दांत शिकवतो. अंगाची ऊब धरून ठेवते ती धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे जास्त ऊब देतात, कारण त्यांच्या मधेही हवा अडकते. आणि ही हवा घालवणाऱ्या गोष्टी तीन: दाब, वारा आणि पाणी.

यातले पाणी ग्लासगोत सर्वांत महत्त्वाचे. आपल्या मनात स्कॉटलंड म्हणजे बर्फ. प्रत्यक्षात ग्लासगोत हिवाळ्यातल्या दुपारी पारा साधारण सहा-सात अंशांवर असतो, रात्री एक-दोनवर येतो. बर्फ थोडे दिवस, पाऊस मात्र सारखा, आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा. छत्री उलटी होते. अशा हवेत आपला लाडका कापूस दगा देतो. सुती कापड पाणी पितेही भरपूर आणि सोडतेही सावकाश. ओले झाले की त्याचे धागे अंगाला चिकटतात, मधली हवा जाते, आणि मग ते ओले कापड अंगातलीच ऊब ओढू लागते. भाची बसथांब्यावरून चढण चढून विद्यापीठात जायची. जाड जॅकेटच्या आत तिला घाम यायचा, सुती बनियन ओले व्हायचे आणि वर्गात बसली की अर्ध्या तासात पाठ गार पडून कुडकुडायला लागायची. बाहेर थंडी वाजत नाही पण आत आल्यावर वाजते, अशी तक्रार कुणी केली तर समजावे की अंगालगतचा कपडा चुकला आहे.

तिने मग क्रम बदलला. अंगालगत पातळ लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल, कारण लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते आणि पॉलिस्टर लवकर वाळते. त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचे जॅकेट. सर्वांत वर पातळच, पण पाणी आणि वारा दोन्ही अडवणारे, टोपी असलेले आणि जरा सैल जॅकेट. सैल यासाठी की आतले थर दाबले जाऊ नयेत. चढण चढताना मधला थर काढून पिशवीत टाकायचा, थांबल्यावर पुन्हा घालायचा. हे तिला कुणी सांगितले नव्हते, हैदराबादची खोलीतली मैत्रीण असे करते हे पाहून ती शिकली.

आपल्या पोशाखात तिथे अडचण येते ती घेराची. सलवारचा पायघोळ आणि लांब कुर्त्याचा खालचा भाग पावसात भिजतो आणि कापड पाणी वर वर ओढत गुडघ्यापर्यंत नेते. भाचीने कुर्ता गुडघ्याच्या वर घेतला, सलवारच्या जागी सरळ, लवकर वाळणारी पँट घेतली आणि आत थर्मल. वरचे जॅकेट मात्र मांडीपर्यंत लांब. स्कार्फखाली कान झाकणारी पातळ लोकरी टोपी घातली की सुती स्कार्फही चालतो, फक्त जॅकेटची टोपी त्यावरून नीट बसते का हे दुकानातच स्कार्फ बांधून पाहावे. मुलांना हा प्रश्न नाही, पण मुले जीन्स घालतात आणि जीन्स म्हणजे शेवटी जाड सुती कापडच, एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत ओली.

बुटांबद्दल एकच सांगतो. पाणी न शिरणारे बूट घ्यावेत आणि लोकरी मोजा घालून मापावेत. बूट घट्ट झाला की मोजा दबतो, हवा जाते आणि बोटे बधिर होतात. मग आपण आणखी एक मोजा घालतो आणि बोटे आणखी गार पडतात. वजूनंतर पाय आणि हात-कोपर पूर्ण कोरडे करूनच मोजे घालावेत, बाहेर पडावे. चामडी मोज्यांवर मसह करण्याची सवलत शरीअतने दिली आहेच, मुक्कामी माणसाला एक दिवस आणि एक रात्र. तिच्या अटी निघण्यापूर्वी आपल्या आलिमांकडून समजून घ्याव्यात. दर वेळी गार पाण्याने पाय धुऊन ओल्या मोज्यात फिरणारी पोरे भाचीने पाहिली आहेत.

तेव्हा दिग्रसच्या गृहस्थांना आम्ही सांगितले की इथून थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे आणि एक स्वेटर द्या. वरचे जॅकेट आणि बूट तिथे गेल्यावर घेऊ द्या. सप्टेंबरात तिथे थंडी नसते, ऑक्टोबरभर वेळ मिळतो, आणि तिथल्या धर्मादाय संस्थांच्या दुकानांत वापरलेली चांगली जॅकेटे अगदी थोडक्यात मिळतात.

आता घरातल्या थंडीकडे वळू, कारण खरा पैसा तिथे जातो. भाचीने आणि त्या हैदराबादच्या मुलीने मिळून एक खोली घेतली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा. भाडे इतरांपेक्षा कमी होते. कमी का होते हे नोव्हेंबरात कळले. विद्यापीठाच्या वसतिगृहात वीज आणि हीटरचा खर्च बहुधा भाड्यातच धरलेला असतो, या खोलीत तो वेगळा होता. मीटर आधी पैसे भरायचा, आपल्या मोबाइलच्या रिचार्जसारखा. भिंतीवर दोन मोठे, जड हीटर. खोलीमालकाने किल्ली दिली आणि हीटर "आपोआप चालतो" एवढेच सांगितले.

हा हीटर म्हणजे स्टोरेज हीटर. त्याच्या पोटात जड विटा असतात. तिथे काही जोडण्यांना रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. त्या वेळात हीटर विटा तापवून ठेवतो आणि दिवसभर ती ऊब हळूहळू सोडतो. वर दोन बटणे असतात. इनपुट म्हणजे रात्री किती ऊब भरायची आणि आउटपुट म्हणजे ती किती वेगाने सोडायची. मुलींना थंडी वाजली म्हणून त्यांनी दोन्ही बटणे पूर्ण फिरवून ठेवली. परिणाम असा की पहाटे चारला खोली भट्टीसारखी तापायची, त्या खिडकी उघडायच्या. नऊला दोघी बाहेर पडायच्या आणि रिकामी खोली तापत राहायची. संध्याकाळी सहाला परत आल्या की विटा थंडगार. मग त्यांनी बाजारातून दोन किलोवॅटचा पंख्याचा छोटा हीटर आणला आणि तो संध्याकाळी सहापासून बारापर्यंत चालवू लागल्या.

हिशेब असा होतो. दोन किलोवॅट म्हणजे तासाला दोन युनिट, सहा तासांचे बारा युनिट. ज्यांना रात्रीची वीज स्वस्त असते त्यांचा दिवसाचा दर इतरांपेक्षा चढा असतो. तो 28 पेन्स धरला तर रोजचे 3 पाउंड 36 पेन्स. भिंतीवरचा हीटर रात्री 15 युनिट पितो आणि रात्रीचा दर 13 पेन्स धरला तर तेही 1 पाउंड 95 पेन्स. एकूण सव्वापाच पाउंडांच्या वर, म्हणजे महिन्याला जवळजवळ 160 पाउंड. पाउंडाला 110 रुपये धरा, साडेसतरा हजार रुपये झाले. दोघींत वाटले तरी प्रत्येकी पावणेनऊ हजार, फक्त ऊब घ्यायला, आणि तरीही संध्याकाळी खोली गारच. मीटरमध्ये भरलेले वीस पाउंड चार दिवसही टिकेनात. (दर तिथे दर तीन महिन्यांनी बदलतात, पाउंडही चढतो. तुम्ही आपल्या वेळचे आकडे घालून पाहा.)

त्या वेळी भाचीने जे केले तेच आपल्या घरातले कुणीही केले असते. तिने सगळेच बंद केले. कर्जाचे पैसे, अब्बूंची निवृत्ती तोंडावर, मग हीटर कसा लावायचा? दोघी जॅकेट घालून खोलीत बसू लागल्या, आणि दोन आठवड्यांत काचेवर, मग कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले.

ही बुरशी. तिचे कारणही पाणीच. उबदार हवेत वाफ जास्त मावते. ती हवा गार काचेला किंवा बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्याला लागली की वाफेचे पाणी होते, आणि ओल्या भिंतीवर बुरशी धरते. मुली त्याच खोलीत उघड्या पातेल्यात भात-डाळ शिजवायच्या आणि धुतलेले कपडे दोरीवर वाळवायच्या. पिळलेल्या धुण्यातही लिटर-दीड लिटर पाणी उरते, ते सगळे खोलीतच राहायचे. खिडकी थंडीच्या भीतीने बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावताना खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोली दमट होते, हे आपल्या घरच्या पोरालाही कळते. तिथे हिवाळ्यात तेच तत्त्व लागते हे मात्र सुचत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाचीला खोकला सुरू झाला, तो रात्री झोपल्यावर वाढायचा. आपाने फोनवर तो खोकला ऐकला आणि जेवण सोडले.

मार्ग निघाला तो विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला कक्षातून. तिथल्या बाईंनी आधी वीजबिलाचा कागद मागितला. बिलावर दोन दर छापले आहेत का, हे पाहिले. हे आधी पाहणे महत्त्वाचे, कारण हीटर विटांचा असला आणि जोडणी मात्र एकाच दराची असली तर रात्री भरलेली ऊबही पूर्ण भावाने पडते. अशा वेळी मालकाशी आणि वीज कंपनीशी आधी बोलावे लागते. मुलींच्या बिलावर दोन दर होते. मग त्यांनी सांगितले की आउटपुट रात्री आणि दिवसभर बंद ठेवा, संध्याकाळी घरी आल्यावर उघडा, झोपताना पुन्हा बंद करा. इनपुट हवामानाचा अंदाज पाहून ठेवा. उद्या फार गारठा असेल तर जास्त, नाहीतर मध्यम. पंख्याचा हीटर कपाटात. आउटपुट बंद असले तरी जड हीटर थोडी ऊब सोडतच राहतो, त्यामुळे दिवसाही भिंती अगदी गार पडत नाहीत. अंथरुणासाठी गादीवर पसरायची विजेची चादर घ्या. ती साधारण शंभर वॅटची असते, झोपण्याआधी दोन तास लावली तरी पाच-सहा पेन्स. पंख्याच्या हीटरच्या एका तासाच्या पैशात ती वीस तास चालते. खोली तापवण्याऐवजी माणूस तापवावा, हे आपल्या शेकोटीवाल्यांना नवे नाही.

खोकल्यासाठी त्यांनी दुसरा सल्ला दिला. खोली 18 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनाही थंड देशांतल्या घरांसाठी हाच आकडा सांगते. पातेल्यावर झाकण ठेवा, शिजवताना आणि अंघोळीनंतर पंखा लावा, सकाळी दहा मिनिटे खिडकी सताड उघडा. दहा मिनिटांत ओली हवा बाहेर जाते, भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कपडे खोलीत वाळवू नका, धुलाईच्या दुकानात वाळवण्याच्या यंत्रात टाका. संध्याकाळ झाली की जाड पडदे ओढून घ्या. आणि तापमान व दमटपणा दाखवणारे एक छोटे घड्याळ घ्या. दमटपणा पन्नास-साठच्या दरम्यान राहिला तर ठीक, सतत सत्तरच्या वर गेला तर बुरशी येणारच. सकाळी काचेवर पाणी ओघळलेले दिसले की आज काहीतरी चुकले असे समजावे.

जानेवारीत दोघींचा मिळून खर्च साठ-पासष्ट पाउंडांवर आला, म्हणजे सात हजारांच्या आसपास, रोजचा स्थिर आकार वेगळा. खोली संध्याकाळी उबदार. बुरशी त्यांनी पुसून काढली, ती पुन्हा वाढली नाही. म्हणून खोली घेणाऱ्याने भाड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ऊब कशाने मिळते, गॅसने की विजेने, तिचा खर्च भाड्यात आहे का, आणि आधीच्या भाडेकरूचे जानेवारीचे बिल किती होते. तिथे गॅसचे युनिट विजेच्या युनिटाच्या चौथाईच्या आसपास पडते, त्यामुळे भाडे थोडे जास्त पण गॅसचे रेडिएटर असलेली खोली वर्षाकाठी स्वस्त ठरू शकते. पाहायला गेल्यावर कपाट जरा पुढे ओढून मागची भिंतही बघावी. ताजा रंग फक्त त्या कोपऱ्याला दिलेला असेल तर तोही बोलतो.

कपडे झाले, हीटर झाला. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत उशिरा कळली, कारण ती विकत घ्यायची नसते आणि बिलावर दिसत नाही. डिसेंबरच्या मध्यात भाची फोनवर म्हणाली, "मामू, इथे दुपारच नसते."

यवतमाळला वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. ग्लासगोला तो सात तासांचा. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेचारला मावळतो. आपल्याकडे त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 46 अंश वर असतो, तिथे जेमतेम 11 अंश, म्हणजे समोरच्या इमारतीमागे. त्यात ढग. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात, त्यामुळे संध्याकाळ एका रात्रीत तासाभराने अलीकडे येते आणि नवख्या पोराला तिथेच पहिला धक्का बसतो.

भाचीचे काय झाले तर तिला सकाळी जाग येईना. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते, आणि सकाळी उजेडच नव्हता. रात्री दोनपर्यंत झोप नाही, सकाळी दहाला उठायचे, वर्ग चुकायचा, बाराला बाहेर पडायचे, चारला अंधार. गोड खावेसे वाटायचे, रडू यायचे, कुणाशी बोलू नये असे वाटायचे. आपा म्हणायची घरची आठवण येते. आठवण येतच होती. पण आठवणीने माणूस बेचैन होतो, दिवसाचे बारा तास झोपत नाही. झोप आणि भूक वाढणे, आवडत्या कामातही मन न लागणे, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो हिवाळी उदासीचा आजार असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवायला हवे. व्हिसाच्या वेळी विद्यार्थ्याकडून वर्षाला 776 पाउंड आरोग्य शुल्क आधीच घेतलेले असते. डॉक्टरला वेगळी फी नाही, स्कॉटलंडमध्ये लिहून दिलेल्या औषधांनाही पैसे पडत नाहीत. फक्त पहिल्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवावे लागते. भाचीने नोंदवले नव्हते. बरे होतो तोवर कशाला, हा आपला स्वभाव.

डॉक्टरांनी तिला सांगितले ते साधे होते. उजाडले की अर्धा तास बाहेर चालायचे, ढग असोत वा रिमझिम. ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कित्येक पट असतो, डोळ्यांना तो फरक कळत नाही पण शरीराला कळतो. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. काहींना दहा हजार लक्सचा खास दिवा लागतो, सकाळी वीस-तीस मिनिटे समोर ठेवून बसायचे. डोळ्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. भाचीला दिवा लागला नाही, चालण्यानेच तीन आठवड्यांत झोप जागेवर आली.

आणि ड जीवनसत्त्व. तिथे ऑक्टोबर ते मार्च या काळात उन्हातून ते पुरेसे तयारच होत नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की या महिन्यांत प्रत्येकाने रोज 10 मायक्रोग्रॅम गोळी घेण्याचा विचार करावा, आणि सावळ्या त्वचेच्या किंवा अंग झाकून राहणाऱ्या लोकांनी वर्षभर. आपल्या मुली दोन्हींत बसतात. कॅप्सूलचे आवरण बऱ्याचदा जिलेटिनचे असते, म्हणून साधी दाबलेली गोळी पाहून घ्यावी. गोळीवर 400 आययू लिहिलेले असते, ते म्हणजेच 10 मायक्रोग्रॅम. जास्त घेऊन जास्त फायदा होत नाही, उलट अपाय होतो.

लहान दिवसाचा परिणाम नमाजाच्या वेळांवरही होतो आणि त्याची तयारी वेळापत्रक हाती येताच करावी. डिसेंबरात जोहर सव्वाबाराच्या पुढे सुरू होते, हनफी हिशेबाने असर दोनच्या सुमारास, मगरीब पावणेचारला. तीन नमाज साडेतीन तासांत येतात. एक ते चारचे प्रॅक्टिकल पडले तर असर कुठे पढायची? भाचीने ऑक्टोबरातच शिक्षिकेला विचारून अडीचला दहा मिनिटांची सुट्टी मागून घेतली. कुणी नाही म्हटले नाही, फक्त आधी विचारलेले त्यांना आवडते. तिथे नमाजासाठी खोली होती, आणि क्लाइड नदीकाठी 1984 पासून मोठी जामा मशीदही आहे. पण भाची म्हणते की चालण्याच्या सल्ल्याइतकाच या वेळांचाही तिला उपयोग झाला. अंधारात दिवस कुठे सुरू होतो, कुठे संपतो हेच कळत नव्हते, तेव्हा त्या पाच वेळांनी दिवसाला खुंट्या मिळाल्या. 2027 चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा ग्लासगोचा रोजा बहुतेक दिवस यवतमाळपेक्षा लहानच असेल, त्याची काळजी करू नये. काळजी सहरीनंतर पुन्हा झोपून सकाळचा उजेड गमावण्याची करावी.

दिग्रसच्या गृहस्थांनी हे सगळे वहीत लिहून घेतले. जाता जाता त्यांचा आणखी एक प्रश्न होताच, तिकडे पांघरायला काय? तिथे कृत्रिम धाग्याची दुलई मिळते, तिच्या पाकिटावर टॉग असा आकडा छापलेला असतो. साडेदहा किंवा साडेतेराची घ्यावी, त्यापेक्षा हलकी नको. भाचीने साडेतेराची घेतली आहे आणि रोज सकाळी दोन्ही हातांनी झटकून ठेवते, म्हणजे दबलेले धागे मोकळे होतात.

हे आम्ही पिंजारी चाचांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तिकडे पोरीलाच पिंजावे लागते."